चकलीच्या हिशेबात आमचे तास कुठे होते?

आमचा बचत गट म्हसरूळचा. भाजणीच्या चकलीचं २०० ग्रॅमचं पाकीट आम्ही दुकानदाराला ४५ रुपयांना द्यायचो. किराणा वजा करायचा आणि उरेल ते वाटून घ्यायचं, एवढाच हिशेब. एका बैठकीत वाटणी झाल्यावर एक काकू म्हणाल्या, "सोमवारपासून मी द्राक्षबागेत जाते. तिथे संध्याकाळी पैसे तरी हातात पडतात."

पुढच्या खेपेला मी वही घेऊनच बसले. पाच किलो भाजणी. तेल किती लागलं हे कुणालाच नीट सांगता येईना, म्हणून तळणाआधी डबा काट्यावर ठेवला आणि उरलेलं तेल गाळून पुन्हा मोजलं. पावणेदोन किलो गेलं होतं. (तेल पुरेसं तापलं नसलं की चकली आणखी पिते, तेही त्या दिवशी दिसलं.) साडेसहा किलो चकली निघाली, पण अर्धा किलो तुकडे. पाकिटं भरली ३०.

भाजणी, तेल, मसाला, गॅस मिळून ८५० रुपये, पाकिटं-लेबलं १२०, रिक्षा ६०. म्हणजे १०३०. हाती आले १३५०. राहिले ३२०, आणि तिघींचे चार-चार तास धरले तर १२ तास. ताशी २७ रुपयेसुद्धा नाहीत! काकूंचं काही चुकलं नव्हतं.

मग उलटं मांडलं. ताशी ५० रुपये आधी खर्चात धरले, तर एक पाकीट ५४ रुपयांना पडत होतं. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के ठेवतो, म्हणजे ७० छापावे लागणार. शेजारचं पाकीट ६० ला. "६५ च्या वर लोक हात लावत नाहीत," दुकानदाराने सांगून टाकलं. कुणीतरी सुचवलं, १८० ग्रॅम भरू. मला ते पटलं नाही. गिऱ्हाईक लेबल वाचतं.

वही परत चाळली तेव्हा दिसलं की मळणं, तेल तापणं, आवराआवर यात वेळ जातो, आणि माल दुप्पट केला तरी हा वेळ दुप्पट होत नाही. आठवड्यात दोनदा पाच किलो करण्याऐवजी एकदाच दहा किलो केली. तिघींना सहा-सहा तास लागले, ६० पाकिटं झाली आणि मजुरी पाकिटामागे २० वरून १५ वर आली. रिक्षाही एकच, थोडी मोठी, ८० रुपयांची. सगळं धरून पाकीट पावणेएकोणपन्नासच्या आत बसलं. छापील ६५, हाती ५२. वरचे तीन-साडेतीन रुपये वाटायचे नाहीत, सीलिंग मशीन आणि परत आलेल्या मालासाठी ठेवायचे, असं ठरलं. यावर मात्र बरीच वादावादी झाली.

एका दुकानदाराने ६५ ला साफ नाही म्हटलं. त्याच्याकडे माल देणं बंद केलं. तुकडे आम्ही मिसळीवर घालायला घरीच नेतो. काकू अजून येतात, पण छाटणीच्या दिवसांत नाही.