तीन शांत रंग, दोन बोलके रंग आणि मुलुंडची लोकल

आमच्या वन बीएचकेमधल्या लोखंडी कपाटात माझ्या वाट्याला दोन कप्पे आणि एक हँगरचा दांडा येतो, बाकी सगळं नवरा, पोरगी आणि लग्नात आलेली पण कधीच न नेसलेली साड्यांची चळत. त्या दोन कप्प्यांत मागच्या वर्षी १४ कुर्ते आणि ९ बॉटम्स होते आणि तरीही सकाळी ७.४० ला मी टॉवेल गुंडाळून उभी, घालायला काही नाही. कारण प्रत्येक कुर्त्याची सलवार ठरलेली. मोरपंखीची एक, राणी कलरची एक, त्या अबोलीला तर सोबत आलेली लेगिंगच चालायची, आणि ती नेमकी दोरीवर ओली.

तर म्हटलं आता पाचच रंग ठेवायचे, तीन शांत आणि दोन बोलके. शांत रंग एकमेकांशी भांडत नाहीत, बोलके रंग कमी असतात म्हणून भांडायला मिळत नाही, अशी ती योजना. ही कल्पना काही माझी नाही, डोना करन नावाच्या अमेरिकन फॅशन डिझायनरने १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये सात कपड्यांचं अख्खं कलेक्शन काढलं होतं, त्यात काळा रंग भरपूर. पण त्या बाईला मे महिन्यात ८.१० च्या लोकलला लटकून परळला उतरायचं नव्हतं.

मी पहिल्यांदा नेव्ही, क्रीम आणि राखाडी निवडले. राखाडी म्हणजे मधला राखाडी, ढगासारखा, फार सोबर दिसतो, आरशात मी एकदम बँक मॅनेजर. घाटकोपर येईपर्यंत त्या कॉटनच्या कुर्त्यावर काखेत आणि पाठीवर असे काही नकाशे उमटले की मी दिवसभर एसीत ओढणी पांघरून बसले. नंतर घरी मुद्दाम सगळे कपडे काढले आणि ओल्या बोटाने प्रत्येकावर एकेक टिपका दिला. कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या फटींत पाणी भरतं आणि उजेड परत कमी फेकला जातो, म्हणून तो भाग गडद दिसतो. नेव्ही आधीच गडद, त्यात अजून गडद काय दिसणार. क्रीमवर डाग जेमतेम कळतो, (पारदर्शक मात्र होतं, म्हणून आत अस्तर पाहिजे). मधल्या राखाडीला दोन्हीकडचा आधार नाही, तो सगळं सांगून टाकतो. टिपका दोन हातांवरून दिसला तर तो रंग मुंबईत अंगावर नको, हा माझा नियम. मग राखाडी गेला आणि त्याच्या जागी कोळशासारखा गडद राखाडी आला.

नेव्हीने वेगळा त्रास दिला. हिंदमाताला एका दुकानात ट्राउझरचं कापड घेतलं, घरच्या नेव्ही कुर्त्याला डोळे मिटून मॅच, दुकानदार पण म्हणाला "ताई, सेम टू सेम आहे." बाहेर उन्हात आले तर एक नेव्ही जांभळ्याकडे झुकलेला आणि दुसरा काळपट हिरव्याकडे. दोघांच्या डायमध्ये फरक असतो, दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली ते सारखे दिसतात आणि उजेड बदलला की लगेच वेगळे पडतात. आता मी कुर्त्याच्या आतल्या शिवणीतली दीड इंचाची चिंधी पर्समध्ये टाचणीला लावून ठेवते आणि कापड घेऊन दुकानाच्या दाराशी जाते, दुकानदार जरा वैतागतो, वैतागू दे. आणि तरी सांगते, नेव्हीवर नेव्ही घालूच नका. जवळजवळ जुळणारे दोन रंग अजिबात न जुळणाऱ्यांपेक्षा वाईट दिसतात.

बोलक्यांमध्ये डाळिंबी आणि मोहरीचा पिवळा ठेवला. मोरपंखीवर माझा जीव होता, पण नेव्हीवर तो बुडून जातो, आणि माझी अट अशी होती की बोलका रंग तिन्ही शांत रंगांवर उठून दिसला पाहिजे, दोनावर नाही, तिन्हीवर. शिवाय ते दोघं एकमेकांबरोबरही बसले पाहिजेत, म्हणजे डाळिंबी कुर्त्यावर मोहरी ओढणी चालते. जुन्या साड्यांच्या काठापदरात ही जोडी इतकी दिसते की आईलाही आक्षेप घेता आला नाही. तिचा आक्षेप दुसराच होता, "सगळं गणवेशासारखं झालंय गं."

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलका रंग कमरेच्या खाली कधीच नाही. बॉटम्स फक्त शांत रंगांच्या. एकदा मोह झाला, मोहरी पलाझो घेतली, तर तिच्यावर आठपैकी मनापासून घालावेसे चारच कुर्ते निघाले, म्हणजे तिने एकटीने अख्खी साखळी तोडली. ती आता वहिनीकडे आहे.

हिशोब असा बसला. बॉटम्स ४, त्यात नेव्ही २, कोळसा १, क्रीम १. कुर्ते आणि टॉप मिळून ८, क्रीम २, नेव्ही १, कोळसा १, डाळिंबी २, मोहरी २. चार आठे बत्तीस. त्यातून नेव्हीवर नेव्हीच्या २ जोड्या वजा, कोळशावर कोळशाची १ वजा, आणि क्रीमवर क्रीमच्या २ पण वजा, कारण जुनं क्रीम पिवळं पडतं आणि नव्याशेजारी ते धुवायचं राहिल्यासारखं दिसतं. उरल्या २७. आधी २३ कपडे असताना मी मोजून ११ जोड्या घालत होते, आता १२ कपडे आणि २७.

अर्थात हे कागदावर. जूनमध्ये पाऊस लागला की क्रीम पॅन्ट गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात, कारण परळ स्टेशनबाहेर एक पाऊल चुकलं की पोटरीपर्यंत चिखलाची नक्षी. आणि कॉटन घरातल्या दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाही, वास येतो तो वेगळाच, म्हणून पावसाळ्यापुरती एक नेव्ही पॅन्ट मिक्स कापडाची ठेवलीय, रात्री धुतली की सकाळी पंख्याखाली तयार. पाचवी बॉटम म्हणा, मी तिला हिशोबात धरत नाही.

डाळिंबीचं एक राहिलं. नवीन कुर्ता घेतला की ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासून बघा. रुमाल गुलाबी झाला तर पहिल्या तीन-चार धुण्यांना तो एकटाच बादलीत. मी हे न करता एक क्रीम कुर्ता घालवलाय, तो आता झोपायला वापरते, अबोलीच झालाय म्हणा ना.

सगळं नीट चालू होतं आणि मग आली नवरात्र. लेडीज डब्यात नऊ दिवस नऊ रंग, ग्रुपचा फोटो काढायचा, आणि जी त्या रंगात नाही तिला दरवाजाशी ढकलतात (प्रेमानेच). पिवळा, लाल, निळा, पांढरा, करडा मी कसाबसा निभावला, लाल म्हणून डाळिंबी खपवला आणि करड्याला कोळसा. हिरव्या दिवशी मात्र हात वर केले. तर भांडुपला चढणारीने पर्समधून एक हिरवीगार ओढणी काढून माझ्या गळ्यात टाकली, म्हणाली, "माहीत होतं मला, तुझ्याकडे नसणार." फोटो झाल्यावर ओढणी काढून घेतली आणि उद्याचा जांभळा कोण आणतंय ते विचारलं.