तेरा महिन्यांच्या बाळाला डाळिंबी झगा: पोर्ट्रेटची नोंदवही

माझ्या भाचीचं तैलचित्र करते आहे. कॅनव्हास ३० बाय ४० सेंमी. फोटोत ती साध्या पांढऱ्या बंडीत बसली आहे आणि चेहरा इतका छान आलाय की दुसरा फोटो घ्यावासा वाटत नाही. पण चित्रात तिला सणाचे कपडे हवेत: डाळिंबी रेशमी झगा, फुगीर बाह्या, खाली रुंद सोनेरी काठ. म्हणजे चेहरा एका फोटोतून आणि कपडा दुसरीकडून. अडचण नेमकी इथेच येते, म्हणून या वेळी सगळं लिहून ठेवते आहे.

पहिली बैठक

चेहरा आधीच बऱ्यापैकी पूर्ण होता. झग्यासाठी मोठ्या माणसाच्या घेरदार रेशमी पोशाखाचा एक फोटो समोर ठेवला, त्यातल्या चुण्या आणि घड्या लहान आकारात उतरवल्या. रेखाटन स्वच्छ झालं, सावल्याही जमल्या. धाकट्या बहिणीला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, चेहरा तिचाच आहे गं, पण अंग कुणा दुसऱ्याचं वाटतंय."

तिचं म्हणणं मोजून तपासलं. वर्षाच्या आसपासच्या बाळाचं डोकं, टाळूपासून हनुवटीपर्यंत, साधारण १८ सेंमी असतं. बसल्यावर टाळूपासून बैठकीपर्यंतची उंची ४७ सेंमीच्या आसपास. म्हणजे बसलेलं बाळ जेमतेम अडीच डोक्यांहून थोडं जास्त. मोठं माणूस बसल्यावर साधारण चार डोकी भरतं. माझ्या कॅनव्हासवर डोकं ९ सेंमीचं आहे, म्हणजे चित्र बरोबर निम्म्या मापाचं. त्या हिशेबाने हनुवटीपासून खाली साडेचौदा सेंमी हवेत. मी काढले होते १८. चेहरा तेरा महिन्यांचा आणि खालचं धड चार-पाच वर्षांच्या मुलीचं.

डोकं खऱ्या मापाच्या निम्मं ठेवल्याचा एक मोठा फायदा झाला. आता कुठलीही खरी गोष्ट टेपने मोजायची आणि निम्मी करायची, अंदाज लावायची गरजच नाही. हे प्रमाण एकदा ठरवून घ्या, मग ते निम्मं असो, तिसरा हिस्सा असो. पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

धड छोटं केलं तेव्हा आणखी दोन गोष्टी आपोआप बदलल्या. एक म्हणजे मान. या वयात समोरून मान जवळजवळ दिसतच नाही, हनुवटीखाली एक वळी आणि लगेच गळपट्टी. माझी गळपट्टी गळ्याच्या खळगीवर होती, ती वर सरकवून हनुवटीच्या सावलीतच बसवली. दुसरी म्हणजे कंबर. ती नसतेच. पोट छातीपेक्षा पुढे येतं, त्यामुळे झग्याची जोडाची शिवण कंबरेवर दाखवली तर मूल लगेच मोठं दिसायला लागतं. योकची, म्हणजे छातीवरच्या वेगळ्या तुकड्याची, शिवण काखेच्या थोडी खाली घेतली आणि कापड तिथून पोटाच्या उंचवट्यावर येऊन पुढे सुटू दिलं.

दुसरी बैठक

माप सुधारलं तरी झगा बाहुलीचा वाटत होता. यावर मी दोन दिवस घालवले आणि कारण सापडलं ते एका खऱ्या झग्यामुळे. बहिणीने भाचीचा रेशमी झगा आणून दिला. हातात घेतल्यावर कळलं की मूल लहान असतं, कापड लहान होत नाही.

रेशमाची जाडी, त्याचा ताठरपणा आईच्या पोशाखात आणि बाळाच्या झग्यात सारखाच. कापड जितक्या गोलाईत वळू शकतं तितकंच वळतं, मग ते कुणाच्याही अंगावर असो. त्या झग्याच्या घेरातली एक उभी नळीसारखी घडी मोजली, जवळपास तीन सेंमी रुंद. मोठ्या माणसाच्या घेरावर तीन सेंमीच्या कितीतरी घड्या मावतात. बाळाच्या पुढच्या भागावर मावतात चार-पाच. मी मोठ्या पोशाखातल्या चौदा घड्या आक्रसून बसवल्या होत्या. त्या इतक्या बारीक झाल्या की बघणाऱ्याच्या डोळ्याला अंग मोठं आणि कापड तलम वाटायला लागलं. अंग लहान दाखवायचं असेल तर अंगाच्या मानाने घडी मोठी दिसायला हवी.

दुसरा फरक वजनाचा. मोठ्या पोशाखात खाली मीटरभर कापड लोंबतं, त्याच्या वजनाने घड्या सरळ खाली ओढल्या जातात. बाळाच्या झग्यात योकपासून काठापर्यंत जेमतेम वीस-बावीस सेंमी. एवढ्या कापडाला वजन कुठलं? घडी खाली पडत नाही, बाहेर फाकते. म्हणून झग्याचा आकार घंटेसारखा नाही, तर छत्रीसारखा पसरट येतो.

मुलाबरोबर लहान न होण्याचा नियम बटणांनाही लागू होतो. खरं बटण १० मिमीचं, म्हणजे चित्रात ५ मिमी. मी "बाळाचं बटण" म्हणून दोन मिमीचे ठिपके दिले होते. काठ चार सेंमीचा, चित्रात दोन, म्हणजे योकखालच्या उंचीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. काढताना हात कचरतो, फार रुंद वाटतो. पण तोच खरा आहे, आणि बाळाचं छोटेपण चेहऱ्याइतकंच त्या काठाने सांगितलं जातं.

चुण्यांबद्दलही इथेच लिहिते. योकच्या शिवणीवर चुण्या बारीक आणि दाट असतात, अर्ध्या-पाऊण सेंमीवर एक. पण त्या सगळ्या खालपर्यंत जात नाहीत. तीन-चार सेंमीतच बऱ्याचशा विरतात, उरलेल्या एकमेकींत मिसळून त्या चार-पाच मोठ्या घड्या होतात. शिवणीपासून काठापर्यंत प्रत्येक चुणी ओढत नेली की झगा कागदी पंख्यासारखा दिसतो.

तिसरी बैठक: आधाराचा पुतळा

बाळ घड्या काढून होईपर्यंत बसणार नाही, म्हणून झगाच बसवला. पोटासाठी छोटी गोल उशी, बाह्यांत मोज्यांच्या गुंडाळ्या, मांड्यांसाठी दोन घडी केलेले टॉवेल, गुडघे बाहेरच्या बाजूला पसरलेले. बाळ बसतं तेव्हा पाय पुढे समांतर नसतात, फाकलेले असतात, आणि लंगोटामुळे बैठक थोडी उचललेली असते. मधे कापड दोन मांड्यांना टांगलं जातं आणि झोळी होते. त्या झोळीत दोन-तीन अर्धवर्तुळाकार वळ्या पडतात. उभ्या झग्याचा फोटो वापरला असता तर त्या मिळाल्याच नसत्या.

उजेड डावीकडच्या खिडकीतून घेतला, भाचीच्या फोटोत होता तसाच. तरीही पहिले फोटो वाया गेले. पुतळा टेबलावर होता आणि मी समोरून, त्याच्याच उंचीवरून टिपला होता. भाचीचा फोटो मात्र थोडा वरून काढलेला. तिच्या डोक्याचा वरचा भाग दिसतो आणि माझ्या झग्याचा काठ सरळ रेषेत. वरून बघितल्यावर काठाची गोलाई खाली झुकलेल्या कमानीसारखी दिसायला हवी. गळ्याची आणि बाह्यांच्या तोंडांचीही तशीच. पुतळा जमिनीवर ठेवला, कॅमेरा दोन मीटर लांब नेऊन भाचीच्या फोटोत होता तेवढाच वर धरला, आणि मग चेहऱ्याला कपडा मिळाला. जवळून टिपलं तर पुढचे गुडघे फुगतात, म्हणून ते दोन मीटर.

झगा वाढत्या अंगाचा शिवलेला आहे. म्हणून खांद्याची शिवण खांद्यावरून अर्धा सेंमी खाली घसरवली आणि डाव्या बाहीचा काठ कोपराजवळ गोळा होऊ दिला. नेमकं बेताचं मापाचं कापड बाळाच्या अंगावर खोटं वाटतं.

चौथी आणि पाचवी बैठक: मऊपणा

रंग: अलिझरिन क्रिमझनमध्ये थोडं बर्न्ट अंबर, उजेडाला कॅडमियम रेड आणि अगदी कणभर पांढरा. पांढरा जास्त झाला की डाळिंबी लगेच गुलाबी होतो. आधी पूर्ण झगा एकाच मधल्या टोनमध्ये भरला. मग सावल्यांचे मोठे आकार, प्रत्येक घडीची वेगळी सावली न करता जोडून. डोळे किलकिले करून बघितलं तेव्हा तीनच आकार दिसले: पोटाखालची सावली, झोळी, उजवी बाजू.

मऊपणा आणायचा म्हणून ओल्या रंगावर कोरडा ब्रश सगळीकडे फिरवला. परिणाम फुगवलेल्या रबरासारखा. सगळ्या कडा सारख्याच मऊ झाल्या की कापड राहत नाही. दुसऱ्या दिवशी, रंग थोडा चिकट झाल्यावर, घड्या पुन्हा बघितल्या. जिथे कापड दुसऱ्या कापडावर चढतं तिथे कड स्पष्ट, आणि तीच कड पुढे जाता जाता विरघळते. घडीचा उजेडाकडचा उतार मऊ, सावली टाकणारी बाजू जरा घट्ट. म्हणून प्रत्येक घडीत एकच ठिकाण घट्ट ठेवलं, बहुतेक वेळा सुरुवातीला, आणि बाकीची कड बोटाने पुसत नेली. रबर गेलं, रेशीम आलं.

चमक मी तीन जागी दिली: पोटाचा उंचवटा, डावा गुडघा, डाव्या बाहीचा फुगा. तीही चेहऱ्यावरच्या सगळ्यात उजळ जागेपेक्षा एक पायरी कमी. फोटो काळा-पांढरा करून बघितला तेव्हा गुडघ्याची चमक कपाळाशी बरोबरी करत होती. ती खाली आणल्यावर नजर परत चेहऱ्याकडे गेली.

काठ सगळ्यात शेवटी. आधी फक्त झग्याची खालची कड नागमोडी काढली, घडीबरोबर आत-बाहेर जाणारी. मग दोन सेंमी वर तिला समांतर दुसरी रेषा. मधली जागा यलो ओकर आणि अंबरने भरली, सोनं फक्त घडीच्या माथ्यावर छोट्या तुटक ठिपक्यांनी. काठ ताठ असतो, त्यामुळे वरच्या पाच घड्या काठावर पोचताना तीनच उरतात, आणि त्या रुंद उघडतात. हे मला पुतळ्यानेच दाखवलं, मनाने काढलं असतं तर पाचही खालपर्यंत नेल्या असत्या.

आता उजवी बाही बाकी आहे. तिचा फुगा अजून डाव्याइतकाच उजळ आहे, तो सावलीत न्यायचाय. हनुवटीची सावलीही गळपट्टीवर नीट पडलेली नाही. सध्या ती सरळ रेषेत आहे, कापडाच्या वळणावरून वाकायला हवी. रंग वाळायला चार-पाच दिवस लागतील, मग पुढचं लिहीन.