जास्त हात केले तर मार्क कमी कसे?

"आम्ही चार बोललो आणि सात केले, मग उलट शंभर मार्क का कापले? आणि तो नील बोलणारा एकही हात न करता शंभर कसे घेऊन जातो?"

हा प्रश्न मला दर चवथीला येतो. फोंड्याला आमच्या घरी आरत्या झाल्या, जेवणं झाली की सोप्यावर चटई पडते आणि पत्ते निघतात, आणि आजकालची पोरं मोबाईलवर कॉलब्रेक खेळून आलेली असतात. कॉलब्रेकमध्ये इस्पिक कायम हुकूम असतो, आमच्या स्पेड्समध्येही तसंच, त्यामुळे त्यांना वाटतं हा तोच खेळ. पण कॉलब्रेकमध्ये बोलीपेक्षा जास्त हात झाले तर दशांशात का होईना मार्क वाढतातच, आणि स्पेड्समध्ये तेच जास्तीचे हात साठत जातात आणि एक दिवस अंगावर येतात. आमच्याकडे हा खेळ काकांनी आणला, ते जहाजावर होते, तिथे शिकले. मुळात अमेरिकेतला, १९३० च्या दशकातला.

हिशोब आधी सांगते. समोरासमोर बसणारे दोघं भिडू, दोघांची बोली एकत्र धरायची. बोललात तेवढे हात केलेत तर प्रत्येक बोललेल्या हाताचे १०, कमी पडलात तर तेवढेच वजा. म्हणजे सहा बोलून सहा केले तर ६०, पाच केले तर उणे ६०, मधलं काही नाही. बोलीच्या वर केलेल्या प्रत्येक हाताला १ मार्क मिळतो आणि त्यालाच बॅग म्हणतात. अशा १० बॅगा साठल्या की १०० वजा. ५०० ला जो आधी पोचेल तो जिंकला.

आता बघा, दहा बॅगांचे मिळाले १०, कापले १००, म्हणजे नव्वदचा तोटा, म्हणजे एक बॅग सरासरी ९ मार्कांना पडते. नवा माणूस वहीत +१ बघतो आणि खूश होतो, पण खरं तर ते उणे नऊ आहे, फक्त वसुली नंतर होते. त्यामुळे तुम्ही चार बोलून सात केलेत ते कौतुकाचं नाही, तुमच्या हातात सहाची पानं होती आणि तुम्ही चारच बोललात असा त्याचा अर्थ. सहा बोलून सात केले असते तर ६१ झाले असते, चार बोलून सात म्हणजे ४३ आणि वर तीन बॅगा. भीतीने कमी बोलणं इथे चालत नाही, जसं जास्त बोलणंही चालत नाही.

बॅगा मोजायला वेगळा रकाना लागत नाही, हे मला फार आवडतं. बोलीचे मार्क दहाच्या पटीत, नीलचे शंभर, दंडही शंभर, मग एकं स्थानावर उरतं काय, फक्त बॅगा. वहीत ३८७ दिसले की त्यांच्या ७ बॅगा आहेत. ४१२ म्हणजे २. दहावी बॅग झाली की शेवटचा आकडा आपोआप शून्य होतो आणि तेव्हाच शंभर कापायचे. स्कोअर शून्याच्या खाली असला तर मात्र हे उलटं वाचावं लागतं, उणे ३७ म्हणजे ३ बॅगा, कारण उणे ४० वर तीन चढलेत.

आता नील. नील बोलणारा म्हणतो, मी एकही हात करणार नाही. जमलं तर +१००, एक जरी हात पडला तर -१००, म्हणजे जमणं आणि मोडणं यात दोनशेचा फरक. त्याचा भिडू मात्र आपली बोली स्वतंत्र बोलतो आणि ती त्याने एकट्याने पुरी करायची. पानं नुसती हलकी आहेत म्हणून नील बोलायचं नसतं. इस्पिकचा एक्का असला तर विषयच संपला, तो हात करणारच. इस्पिकची चार-पाच पानं असली तरी भीती, कारण बाकीच्यांची संपतात आणि तुमचं उरतं. बाकीच्या रंगात लोक एक्का-राजा बघून घाबरतात, पण त्यापेक्षा रंगात किती पानं आहेत आणि खाली काय आहे ते बघावं. बदामचा राजा आणि त्याच्याखाली दुर्री, तिर्री, पंजी असेल तर तो राजा लपतो, तोच राजा एकटा असेल तर कोणी बदाम उतरला की टाकावाच लागतो, आणि मग तो झाकायला भिडूकडे एक्का तरी हवा किंवा त्याचे बदाम संपलेले आणि हातात हुकूम तरी हवा. साधा हिशोब असा की त्याच पानांवर दोन बोलून २० मिळणार असतील तर नील दहापैकी निदान सहा वेळा तरी जमायला हवा, त्याहून कमी असेल तर बोलू नये.

आणि नीलचा बॅगांशी संबंध इथे येतो, जो बरेच जण बघत नाहीत. भिडूने नील बोलल्यावर त्याला झाकायचं काम दुसऱ्याचं. त्याचा गुलाम पडला तर आपण राणी टाकून तो हात आपल्याकडे ओढायचा, एरवी सोडून दिला असता तोही घ्यायचा. त्यामुळे झाकणाऱ्याचे हात बोलीच्या वर जाणारच. समोरच्यांना हे माहीत असतं, तेही हलकी पानं उतरून एकतर नील मोडायला बघतात नाहीतर झाकणाऱ्याच्या गळ्यात बॅगा घालतात.

मागच्या चवथीचा एक डाव सांगते, त्यात सगळं आलं. आम्ही ३८७, काका आणि त्यांचा पुतण्या ४१२. म्हणजे आमच्या ७ बॅगा, त्यांच्या २. वहिनी माझी भिडू, तिने नील बोलला. मी चार बोलले, समोरचे दोघं मिळून सात. एकूण अकरा, हात तेरा, म्हणजे दोन हात कोणाच्यातरी अंगावर जास्तीचे येणार हे पानं टाकायच्या आधीच ठरलं. आमचं सगळं जमलं तर ३८७ अधिक ४० अधिक १००, म्हणजे ५२७, खेळ संपला. आम्हाला अडवायला त्यांच्याकडे तीनच रस्ते, माझी चाराची बोली पाडायची, वहिनीचा नील मोडायचा किंवा मला तीन बॅगा द्यायच्या, म्हणजे आमच्या दहा होतील.

अकरा हात झाले तेव्हा माझे पाच, त्यांचे सहा, वहिनी अजून शून्यावर. दोन हात उरले आणि उतारी माझी. माझ्याकडे इस्पिकची राणी आणि किलवरची तिर्री. इस्पिकची बाकी सगळी पानं येऊन गेलेली, म्हणजे राणी पक्का हात. किलवरचा बाहेर फक्त राजा पडायचा राहिला होता. वहिनी आणि पुतण्या दोघांनी आधीच किलवरवर दुसरं पान टाकलेलं, म्हणजे त्यांच्याकडे तो रंग नाही. राजा काकांकडेच.

कोणीही नवा माणूस इथे राणी आधी उतरेल, पक्का हात आहे ना. पण मग काय होईल बघा, काकांकडे इस्पिक नाही म्हणजे ते वाटेल ते पान टाकू शकतात, आणि ते किलवरचा राजा टाकणार. मुद्दाम. राणीने माझा सहावा हात झाला, मग मी तिर्री उतरणार, आता कोणाकडेच किलवर नाही, हुकूम नाही, आणि तिर्रीवर सातवा हात माझा. चार बोलून सात, तीन बॅगा, दहा भरल्या. ३८७ अधिक ४० अधिक १०० अधिक ३, वजा १००, म्हणजे ४३०. काकांना त्यांची बोली मोडावी लागली असती, ४१२ वजा ७०, ३४२. बाजूला बसून बघणाऱ्याला वाटेल आम्ही त्यांना पाडलं, ८८ ने पुढे आहोत. पण खेळ चालूच राहिला असता, आणि त्यांना तेवढंच हवं होतं.

मी तिर्री आधी उतरले. काकांकडे किलवर होतं म्हणजे तोच रंग टाकायला हवा, आणि त्यांच्याकडचं किलवर एकच, राजा. तो हात त्यांचा झाला, त्यांची सात पुरी झाली. शेवटच्या हाताला राणीने माझा सहावा. बॅगा दोन, एकूण नऊ. आम्ही ५२९, ते ४८२. काकांनी पान टाकताना माझ्याकडे बघून मान हलवली, त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं.

तर समोरच्याची बोली पाडावी की त्यांना करू द्यावी हे बोलीच्या आकड्यावर आणि वहीतल्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. त्यांची पाचाची बोली पाडली तर त्यांचे मिळणारे ५० जातात आणि वर ५० वजा होतात, शंभरचा फरक, त्यासाठी दोन-तीन बॅगा घ्यायला माझी कधीच ना नाही, तुमच्या बॅगा दोन असतील तर. त्याच बॅगा सात असतील तर मी विचार करते. आणि खेळ याच डावात संपणार हे नक्की असेल आणि दहापर्यंत पोचत नसाल तर बॅगेला घाबरायचं काहीच कारण नाही, तिथे ती खरोखरच एक मार्क आहे. दोन्ही बाजू ५०० च्या वर गेल्या तर ज्याचे जास्त तो जिंकतो, तिथे तो एक मार्कही उपयोगी पडतो.

नील मोडला तर काय, हेही पोरं विचारतात. एक हात पडला की शंभर गेले, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला वेगळा दंड नाही. म्हणून त्यानंतर लपत बसू नका, मोठी पानं काढा आणि समोरच्यांची बोली पाडायला लागा. फक्त त्या हातांचं काय करायचं यावर घरोघरी वेगळा नियम आहे, काही जण ते भिडूच्या बोलीत धरतात, आमच्याकडे धरत नाहीत, सरळ बॅगा म्हणून चढवतात. भांडणं बहुतेक वेळा इथेच होतात, त्यामुळे पानं वाटायच्या आधी विचारून घ्या आणि वहीच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा.