पीडीएफ रीडरचं ‘अपडेट’

लेखा विभागातल्या मॅडमनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "अरे, सेटिंगमध्ये गेलं की आपोआप बाहेर येतंय. बघ जरा."

ऑफिसातल्या फोन-कॉम्प्युटरच्या तक्रारी माझ्याकडे येतात. मी Settings उघडलं, Apps वर बोट ठेवलं, की फोन पुन्हा होम स्क्रीनवर. कॅमेरा, कॉल, मेसेज मात्र ठणठणीत. बिघडलेला फोन असा निवडून निवडून बिघडत नाही. कुणीतरी आतून दार लावून घेत होतं.

असं करायला अ‍ॅपला Accessibility ची परवानगी लागते. ही सोय मुळात नीट दिसत नसलेल्यांसाठी किंवा हात नीट चालत नसलेल्यांसाठी आहे. ती मिळाली की अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. त्याला काढून टाकायचं पान तुम्ही उघडलंत की ‘मागे’ तेच दाबतं. बँकेचं अ‍ॅप उघडलंत तर तेही वाचतं. म्हणून आधी सिम काढलं, वायफाय बंद केलं आणि म्हटलं, "मॅडम, माझ्या फोनवरून आधी बँकेला कळवा, बाकीचं नंतर."

मग फोन Safe mode मध्ये सुरू केला. यात फोनसोबत न आलेली, नंतर टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. बऱ्याच फोनवर पॉवरच्या मेनूत Power off वर बोट दाबून धरलं की हा पर्याय येतो. काहींवर पद्धत वेगळी असते. आता सेटिंग मुकाट उघडं राहिलं. अ‍ॅप्सच्या यादीत एक असं नाव होतं, ज्याचं चिन्ह होम स्क्रीनवर कुठेच नव्हतं. Uninstall दाबता येईना, कारण त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकारही घेऊन ठेवला होता. तो काढल्यावर बटण चालू झालं. पण काढण्याआधी मी App info च्या पानावर पार तळाशी गेलो. अ‍ॅप कुठून आलं हे तिथे लिहिलेलं असतं. प्ले स्टोअरच्या जागी तिथे एका पीडीएफ रीडरचं नाव होतं.

"हा रीडर तुम्ही कुठून घेतलात?"

"प्ले स्टोअरवरूनच की! बाहेरचं मी काही टाकत नाही."

त्यांचं खरं होतं. रीडर स्टोअरवरूनच आला होता आणि बरेच दिवस फायली निमूट उघडत होता. मग एके दिवशी त्याने ‘नवीन आवृत्ती आल्याशिवाय फाइल उघडणार नाही’ असा फलक दाखवला. मॅडमनी Update दाबलं, पुढे Install unknown apps चा, म्हणजे स्टोअरबाहेरचं अ‍ॅप बसवू देण्याच्या परवानगीचा पडदा आला, तिथेही हो म्हटलं. फसवणूक इथे झाली. स्टोअरमधल्या अ‍ॅपचं अपडेट स्टोअरमधूनच येतं. त्यासाठी ही परवानगी कधीच लागत नाही. सिस्टिमचं अपडेट सेटिंगमध्येच असतं.

माझ्या फोनवर त्या रीडरचं स्टोअरमधलं पान उघडून मॅडमना दाखवलं. सरासरी तारे उत्तम. पण अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावले, तर वरचे सगळे एकतारी: ‘अपडेट मागतं, मग फोन अडकतो.’ खाली पंचतारी रांग, ‘छान’, ‘मस्त अ‍ॅप’, जवळजवळ एकाच तारखांची. पीडीएफचा उल्लेख एकातही नाही. प्रकाशकाच्या नावावर दुसरं अ‍ॅप नव्हतं, संपर्काला एक फुकटचा ईमेल. एवढ्यावरून मी कुणाला चोर ठरवणार नाही. एकट्याने अ‍ॅप बनवणारे प्रामाणिक लोकही असेच दिसतात. मला खटकली ती ‘About this app’ मधली परवानग्यांची यादी. कॅमेरा नाही, एसएमएस नाही, संपर्क नाही, सगळं सोज्वळ. पण शेवटी इतर अ‍ॅप्स बसवण्याची विनंती करण्याची परवानगी होती. फाइल वाचणाऱ्याला दुसरं अ‍ॅप कशाला बसवायचंय? यादी इतकी स्वच्छ होती, कारण घातक परवानग्या मागायचं काम त्या दुसऱ्या अ‍ॅपचं होतं.

दोन्ही अ‍ॅप्स काढली, तरी मी फोन फॅक्टरी रिसेट करायला लावला. ज्याने स्क्रीन वाचली, त्याने मागे आणखी काय ठेवलंय याची खात्री मी देऊ शकत नाही. पासवर्ड मॅडमनी दुसऱ्या फोनवरून बदलले. रिसेटनंतर बॅकअपमधली अ‍ॅप्स परत घ्यायची यादी आली, तर त्यात तो रीडर टिकमार्कसह हजर! स्टोअरमधून आलेला म्हणून बॅकअपच्या लेखी तो भलाच. टिक मॅडमनीच काढली, आणि मी स्टोअरवर त्याची तक्रार नोंदवली.