पाच पेपर माफ झाले, तरीही

बाबा सांगलीत एलआयसीचे एजंट. लहानपणी त्यांच्या पिशवीतलं हप्त्यांच्या दरांचं पुस्तक चाळताना मी विचारलं होतं की हे आकडे कोण ठरवतं. "मुंबईला हेड ऑफिसात, योगक्षेममध्ये, ॲक्च्युअरी बसतात," ते म्हणाले, जणू तिथे कुणी ऋषीच बसलेत. पुढे पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी करताना तो शब्द परत भेटला आणि मागे लागला. भारतातली प्रवेश परीक्षा, म्हणजे ॲसेट, मी पासही झाले होते. पण तेवढ्यात एडिनबरामधल्या एमएस्सीचं पत्रक हातात पडलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सहा पेपरपर्यंत एक्झेम्प्शन.

मी ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट अँड फॅकल्टी ऑफ ॲक्च्युअरीजच्या परीक्षांबद्दल लिहितेय. माझ्या वेळच्या रचनेत फेलो, म्हणजे पूर्ण पात्र ॲक्च्युअरी, व्हायला तेरा पेपर लागत. पायाचे सात: सीएस1 आणि सीएस2 संख्याशास्त्राचे, सीएम1 आणि सीएम2 गणिताचे, सीबी1 ते सीबी3 व्यवसायाचे. मग प्रत्यक्ष कामावरचे सीपीचे तीन, आपण निवडलेल्या क्षेत्रातले एसपीचे दोन आणि शेवटी त्याच्या वरच्या पातळीचा एसएचा एक. शिवाय तीन वर्षांच्या कामाची नोंद. तेरातले सहा माफ म्हणजे जवळजवळ अर्धी लढाई कॉलेजातच संपली, असा साधा हिशोब मी मांडला आणि बाबांनी कर्जाच्या फॉर्मवर सही केली.

सूट कशी मिळते, हे मात्र तिथे गेल्यावर कळलं. तुम्हाला विषय येतो म्हणून ती मिळत नाही. तुमचा कोर्स मान्यताप्राप्त असावा लागतो आणि त्यातल्या ठरावीक विषयांत ठरावीक मार्क पडावे लागतात. ही रेषा पास होण्याच्या रेषेच्या वर असते. आमच्याकडे मॉड्यूल 50 ला पास व्हायचं आणि सूट 60 च्या सरासरीला मिळायची. एक पेपर कधी एकाच मॉड्यूलवर भागायचा, कधी दोन मिळून. सीएम2 दोनवर होता. एकात मला 68 पडले. दुसऱ्याची परीक्षा मे महिन्यात होती, त्यात ब्राउनियन मोशनच्या प्रश्नावर मी पाऊण तास घालवला आणि शेवटचा प्रश्न अर्धा सोडून आले. 51. सरासरी 59.5.

कोर्सच्या ऑफिसात जाऊन विचारलं, अर्ध्या मार्काचं काही होईल का? तिथल्या बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला, स्क्रीनवर पाहिलं आणि अगदी सौम्य आवाजात सांगितलं की नाही. डिग्री चांगल्या श्रेणीत मिळाली, पण सीएम2 गेला. बाकी पाचांचा अर्ज मी 2021 च्या हिवाळ्यात केला. प्रत्येक पेपरच्या सुटीची वेगळी फी असते, हेही तेव्हाच कळलं. ज्यांना वाटतं की डिग्रीबरोबर हे फुकट येतं, त्यांनी ते बजेटमध्ये आधीच धरावं.

तोवर एका आयुर्विमा कंपनीत नोकरी लागली होती. ऑफर लेटरला एक जोडपत्र होतं, स्टडी पॉलिसी, सहा पानांचं. मी पगाराचा आकडा बघितला आणि सही केली. ते जोडपत्र नीट वाचलं ते दीड वर्षाने, नापास झाल्यावर.

वरवर बघता पॅकेज भरघोस होतं. पहिल्या प्रयत्नाची परीक्षा फी, ॲक्टेड या क्लासच्या नोट्स, ट्युटोरियल, तपासून मिळणाऱ्या असाइनमेंट्स, सगळं कंपनीचं. वर पेपरप्रमाणे भरपगारी स्टडी डेज. पास झालं की पगारवाढ. दुसऱ्या प्रयत्नाला फी कंपनीची, पण दिवस निम्मे. तिसऱ्यापासून सगळं आपल्या खिशातून. नोकरी सोडली तर गेल्या बारा महिन्यांतला खर्च परत करायचा. एकच विषय तीनदा गेला तर ट्रेनी म्हणून ठेवायचं की नाही याचा 'आढावा'. व्हिसावर असलेल्या माणसाला तो 'आढावा' शब्द कसा वाचावा लागतो, ते वेगळं सांगायला नको.

खरी मेख होती एका ओळीत: पगारवाढ पास झालेल्या पेपरला, सूट मिळालेल्या पेपरला नाही. सुटींची किंमत सुरुवातीच्या पगारात धरलेली आहे, असं एचआरचं म्हणणं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक स्कॉटिश पोरगा होता, नुसती गणिताची डिग्री घेऊन आलेला, एकही सूट नाही. त्याचा पगार सुरुवातीला माझ्यापेक्षा कमी होता. पण तो दर सहा महिन्यांनी एक-दोन पेपर काढायचा आणि प्रत्येकावर वाढ घ्यायचा. त्याच्या नोट्स कंपनीच्या, त्याचे अभ्यासाचे दिवस कंपनीचे. मी त्याच पाच पेपरांसाठी एक वर्ष आणि बाबांचं कर्ज घातलं होतं. दोन वर्षांनी आमचे पगार जवळजवळ सारखे झाले. मला एमएस्सीचा पश्चात्ताप नाही, कारण भारतातून थेट ती नोकरी मला मिळालीच नसती. पण तिकडच्या पोरांना पत्रकातल्या ठळक अक्षरांची गरज नसते, आणि ते त्यांना बरोबर माहीत असतं.

2022 च्या एप्रिलमध्ये मी हुकलेला सीएम2 दिला. रडतरडत अभ्यास केला आणि निघाला. तेव्हा तो दंड वाटला होता. सप्टेंबरमध्ये सीपी1 ला बसले आणि तेव्हा कळलं की सीएम2 हाच माझा इन्स्टिट्यूटच्या परीक्षेचा एकमेव सराव होता.

सीपी1 म्हणजे ॲक्च्युअरियल प्रॅक्टिस. तीन तासांहून मोठे दोन पेपर, गणित जवळजवळ नाही. कॉलेजात आम्हाला सिद्धता लिहायची सवय: एक मुद्दा, खोल, शेवटपर्यंत. इथे ती सवय मारते. समजा प्रश्न असा आहे की एका छोट्या विमा कंपनीला ॲन्युइटी, म्हणजे आयुष्यभर मिळणारी पेन्शन, विकायला सुरू करायची आहे, तिने कशाकशाचा विचार करावा, 12 मार्क. मी पहिल्या वेळी अशा प्रश्नाला पाच मुद्दे लिहायचे. लोक अपेक्षेपेक्षा जास्त जगले तर काय, व्याजदर पडले तर काय, राखीव निधी कसा मोजायचा, आणि त्यावर दीड पान. तपासणीत साधारण एका वेगळ्या मुद्द्याला अर्धा मार्क मिळतो. म्हणजे 12 मार्कांना चोवीस वेगळ्या गोष्टी हव्यात. भांडवल पुरेल का, विकणार कोण, संगणक प्रणाली महिन्याला पैसे पाठवू शकते का, पुनर्विमा मिळेल का, इतक्या लांब मुदतीचे बाँड बाजारात आहेत का, तब्येत ठणठणीत असलेलीच माणसं येतील का, नियामक काय म्हणेल, स्पर्धक काय दराने विकतात, हे सगळं एकेका ओळीत. माझं दीड पान कितीही बरोबर असलं तरी त्याला अडीच-तीन मार्क.

डिसेंबरात निकाल लागला. चार मार्कांनी गेला.

मी वहीत तास लिहून ठेवत असे. त्या प्रयत्नाला 310 तास झाले होते. त्यातले 70 तास कंपनीचे, म्हणजे दहा स्टडी डेज सात-सात तासांचे. उरलेले 240 तास संध्याकाळी आणि रविवारी, सोळा आठवडे, आठवड्याला पंधरा तास. कंपनी अभ्यासाला वेळ देते हे खरं, पण चौथ्या हिश्श्याहूनही कमी. आणि त्या दहा दिवसांचंही एक गणित असतं, ते पॉलिसीत कुठेच लिहिलेलं नसतं. परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबरात. आयुर्विमा कंपनीचं वर्षअखेरीचं मूल्यांकन जानेवारी ते मार्च. एप्रिलच्या परीक्षेचे स्टडी डेज नेमके तेव्हाच हवे असतात, जेव्हा मॅनेजर कुणालाच सोडायला तयार नसतो. जुने लोक म्हणूनच जड पेपर सप्टेंबरला ठेवतात आणि एप्रिलला हलका. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

त्यामुळे 2023 च्या एप्रिलचा दुसरा प्रयत्न असा होता: दिवस पाच, तेही वर्षअखेरीत. मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरकडे पाचही तारखा लेखी मागितल्या. ती म्हणाली, मार्चमधले दोन बघू. मी म्हटलं, मग ते दोन फेब्रुवारीत द्या, पण आज कॅलेंडरवर टाका. टाकले. फेब्रुवारीतल्या एका दिवशी रिझर्व्हचे आकडे जुळत नव्हते म्हणून फोन आला आणि मी तो घेतला नाही. नोकरीतला माझा पहिलाच न घेतलेला फोन.

अभ्यासही बदलला. नोट्स परत वाचल्या नाहीत. जुने पेपर घेतले आणि प्रत्येक प्रश्नाला आधी फक्त मुद्द्यांची यादी, मिनिटाला एक मार्क या वेगाने, मग आदर्श उत्तराशी ताडून हुकलेले मुद्दे लाल पेनाने. दहाएक पेपरांनंतर लक्षात आलं की माझे लाल मुद्दे त्याच तीन ठिकाणचे असतात: खर्च, डेटाचा दर्जा आणि कर. गणितवाल्यांना ते क्षुल्लक वाटतात म्हणून सुचत नाहीत. ती तीन नावं एका चिठ्ठीवर लिहून मी मॉनिटरला चिकटवली. प्रश्न काहीही असो, आधी चिठ्ठीकडे बघायचं. एप्रिलला 190 तासांतच सीपी1 निघाला.

सीबी3, सीपी2 आणि सीपी3 बद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सीपी2 एक्सेलमधलं मॉडेल आणि त्याचा कागद, सीपी3 सामान्य माणसाला समजेल असं पत्र. सीपी3 ला मी मनातल्या मनात बाबांना लिहीत होते, तो पहिल्या फटक्यात निघाला. एसपी2, म्हणजे आयुर्विमा, रोजच्या कामाचाच विषय. एसपी5 ला गुंतवणूक, तिथे परत एकदा आपटले.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका मुलाचा फोन आला. त्याला ब्रिटनमधल्याच एका कंपनीची ऑफर आहे, चार पेपरांची सूट आहे, पगार चांगला आहे. मी विचारलं, जोडपत्र आहे का? तो म्हणाला, आहे, पण ते स्टँडर्डच असतं ना? मी म्हटलं, पाठव. त्याने रात्री पीडीएफ पाठवली, अकरा पानांची. चौथ्या पानावर, कलमाच्या आत उपकलमात, परतफेडीची मुदत चोवीस महिने होती आणि त्यात व्हिसाचा खर्चही धरला होता. ती ओळ पिवळी करून मी परत पाठवली. माझा एसए2 सप्टेंबरात आहे, तारखा मी जूनमध्येच मागून ठेवल्यात.