‘परत’ का चालले नाही: माझी पहिली गझल

आजी गेली त्या रात्री पाऊस थांबत नव्हता. ते गझलेतच लिहायचे ठरवले, म्हणून सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ घेऊन बसले. वृत्त निवडले ‘गालगागा गालगागा गालगागा’. गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू. प्रत्येक ओळीत हाच क्रम हवा, फक्त एका गुरूच्या जागी दोन लघू चालतात.

पहिली ओळ ‘रात्र गेली’ अशी संपत होती. ‘गेली’ हा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द. त्याआधीचा ‘रात्र’ हा काफिया, म्हणजे यमकाचा शब्द. पण त्याच्या जोडीला मात्र, पात्र, गात्र यांपलीकडे काही सापडेना. म्हणून ‘रात’ केले आणि वाट मोकळी झाली: गात, आत, वात, हात. त्यातला ‘हात’ लगेच सोडावा लागला, कारण हात ‘गेला’ होतो, ‘गेली’ नाही. काफिया नुसता जुळून भागत नाही, तो रदीफाशी व्याकरणानेही बांधला जावा लागतो. मतला, म्हणजे दोन्ही ओळींत यमक असलेला पहिला शेर, असा झाला:

पावसाची जागती ती रात गेली
आणि आजी शांत ओवी गात गेली

पुढच्या शेरात मी फसले. ओळ होती, ‘सावली दारातुनी मग परत गेली’. मात्रा बरोबर, शेवटी ‘त’ आहे, रदीफ जागेवर आहे. तरी मोठ्याने वाचताना दरवेळी तिथे ठेच लागायची. गझल लिहिणाऱ्या एका काकांना ऐकवली, तर ते म्हणाले, “बेटा, ‘त’च्या आधीचा स्वर ऐक. रात, गात यांत ‘आ’ आहे. परतमध्ये ‘अ’ आहे. अलामत मोडली.”

अलामत म्हणजे काफियातला न बदलणारा स्वर. मतल्यात मी स्वतःच ‘आ’ बांधून घेतला होता, आता तो शेवटच्या शेरापर्यंत पाळायचा. ‘परत’ हा शब्द मला फार हवा होता. तो सोडायला चार दिवस लागले. मग आजीचे जाते आठवले:

दार उघडे ठेवले मी आजसुद्धा
सावली जात्याकडूनी आत गेली

जे मला म्हणायचे होते त्याच्या हे उलट आहे. ‘परत’मध्ये ती निघून जात होती, इथे ती घरात आली. आणि मला हेच जास्त खरे वाटते.

जोडाक्षरांनीही एकदा अडवले. ‘दिव्य’ म्हणताना ‘दि’वर आघात येतो, म्हणून तो गुरू. पण ‘दिव्याची वात’ म्हणताना तो आघात येत नाही, ‘दि’ लघूच राहतो. लिहिताना दोन्हीकडे ‘व्य’च दिसतो, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. ओळ म्हणूनच बघावी लागते. पाचवा शेर त्यावरच उभा आहे:

मी कशाला दोष देऊ पावसाला
तेल होते, पण दिव्याची वात गेली