कान दुखत होता, अँटिबायोटिक घरात होतं, तरी दिलं नाही (माझा अनुभव)

चवथीला गावच्या घरी सगळी भावंडं जमली की पोरांची सर्दी एकमेकांना लागतेच, तशी आमच्या बायलाही लागली. वय 2 वर्षं 8 महिने, वजन 14 किलो. पाच दिवस नाक वाहत होतं, थोडा खोकला, मी फार लक्ष दिलं नाही कारण गोव्यात पावसात कुठलं पोर कोरड्या नाकाचं असतं. फोंड्याला परत आलो आणि सहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, ती झोपेतून उठली तीच डावा कान ओढत. आई दुखता, आई दुखता. ताप बघितला तर 100.6.

माझं पहिलं मत सांगते, लपवत नाही. मला वाटलं अँटिबायोटिक द्यावं आणि मोकळं व्हावं. गेल्या वर्षी एका दवाखान्यात प्रत्येक सर्दीला तेच मिळायचं आणि आम्ही मुकाट्याने देत होतो, एकदा त्यानंतर चार दिवस पातळ शी आणि डायपर रॅश होऊन ढुंगण लालबुंद, तरी पुढच्या वेळी परत दिलंच. सवय झाली होती.

या वेळी मुलांच्या दुसऱ्या डॉक्टर होत्या, बाई. त्यांनी आधी उजवा, म्हणजे न दुखणारा कान बघितला, मग डावा. ओटोस्कोप म्हणजे ते टॉर्चसारखं छोटं यंत्र कानाच्या तोंडाशी धरून आत बघतात ते. बाय रडत होती तर त्या म्हणाल्या, रडल्यावर आणि तापात कानाचा पडदा असाही लाल दिसतो, नुसत्या लाल रंगावर मी इन्फेक्शन म्हणत नाही. पडदा बाहेर फुगलेला आहे का ते बघते. डावा थोडा फुगला होता, उजवा स्वच्छ. म्हणजे कानाचं इन्फेक्शन होतं, खरंच होतं, पण एकाच कानात.

हे सर्दीतून कसं होतं तेही सांगितलं. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, तिच्यातून आतली हवा खेळती राहते. मोठ्यांत ती लांब आणि तिरकी असते, पोरांत आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती सुजून बंद झाली की आत पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात, पडदा आतून ढकलला जातो आणि ठणका लागतो. म्हणून सर्दीच्या पहिल्या दिवशी नाही तर चार-पाच दिवसांनी कान धरतात. आडवं झोपल्यावर जास्त दुखतं तेही त्यामुळेच, दिवसा खेळणारं पोर रात्री बोंबलतं.

मी वाट बघत होते की आता औषध लिहितील. त्या म्हणाल्या, हिला आपण 48 तास बघूया. दुखण्याचं औषध नीट द्यायचं, अँटिबायोटिक नाही. दोन वर्षांच्या वर आहे, ताप 102 च्या खाली आहे, कानातून पू नाही, दुखणं आहे पण औषधाने आवरतंय, खाते-पिते, खेळते. अशी बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. दहातल्या साधारण सहांचं दुखणं पहिल्या 24 तासांतच थांबतं, अँटिबायोटिक द्या किंवा देऊ नका, पहिल्या दिवशी त्याने जवळपास फरकच पडत नाही.

हे मला तेव्हा पटलं नाही, म्हणून मी माझ्या नणंदेच्या पोराचं उदाहरण काढलं. तो 14 महिन्यांचा, याच डॉक्टरांनी त्याला जूनमध्ये ताबडतोब अँटिबायोटिक दिलं होतं. मग आमच्या पोरीला का नाही? त्या हसल्या, म्हणाल्या त्याचे दोन्ही कान फुगले होते. दोन वर्षांखालचं मूल आणि दोन्ही कान असले तर मी थांबत नाही. सहा महिन्यांखालचं असेल तर एक कान असला तरी थांबत नाही. पू वाहत असेल, ताप 102 च्या वर असेल, दुखणं जोरात असेल किंवा दोन दिवस झाले तरी चालूच असेल, तरी नाही. म्हणजे थांबणं हे सगळ्यांसाठी नाही, कान बघून आणि वय बघून ठरवायचं. मला तोपर्यंत वाटत होतं की अँटिबायोटिक न देणारे डॉक्टर म्हणजे एका मताचे आणि देणारे म्हणजे दुसऱ्या मताचे. इथे एकच बाई दोन मुलांना दोन गोष्टी सांगत होती आणि दोन्ही बरोबर.

कागदावर अमॉक्सिसिलिन मात्र लिहून दिलं, आणि खाली पेनाने: शनिवारी संध्याकाळी 6 पर्यंत बरं नसेल किंवा मधेच वाढलं तर चालू करा आणि मला फोन करा. बाटली आणून ठेवा म्हणाल्या, कारण आमच्याकडे रविवारी बऱ्याच फार्मसी बंद. पण पाणी घालू नका, ते कोरड्या पावडरचं असतं, एकदा पाणी मिसळलं की मोजक्याच दिवसांत संपवावं लागतं. कोरडी बाटली तशीच ठेवायची.

आता जिथे आम्ही चुकलो ते. पॅरासिटामॉल दर 6 तासांनी 4 मिली लिहिलं होतं, 250 वालं, म्हणजे 5 मिलीत 250 मिलिग्रॅम. 4 मिलीत 200 मिलिग्रॅम होतात, तिच्या 14 किलोला किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅमच्या हिशेबाने बरोबर. फार्मसीत नवऱ्याने अँटिबायोटिक घेतलं आणि पॅरासिटामॉल घरी आहे म्हणून घेतलं नाही. होतंच घरी, पण ते 120 वालं, ती वर्षाची असताना आणलेलं. नाव तेच, खोका तसाच, मी 9 वाजता 4 मिली दिलं. म्हणजे 100 मिलिग्रॅमसुद्धा गेलं नाही, अर्धा डोस.

रात्री साडेबाराला जी उठली ती थांबेना. कडेवर घेतलं की हुंदके, खाली ठेवलं की किंचाळी. सासूबाई खोबरेल तेलात लसूण तापवायला उठल्या, त्यांच्या चार मुलांचे कान त्यावरच गेले असं त्या म्हणतात आणि मी त्यांच्याशी रात्री वाद घालणाऱ्यातली नाही, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की कानात काही घालू नका, पडदा फुटला असेल तर ते आत जातं आणि नंतर कान बघायलाही अडचण होते. मी म्हटलं आई, तेल तळपायाला लावा. लावलं. नवरा म्हणाला पुरे झाली ही वाट बघणं, घाल पाणी त्या बाटलीत. मी खरंच झाकण उघडलं होतं.

उकळून गार केलेलं पाणी आणायला गेले तेव्हा ओट्यावर पॅरासिटामॉलची बाटली होती आणि तिच्यावरचा 120 चा आकडा तेव्हा दिसला. डॉक्टरांना फोन केला, सव्वाएक वाजता, लाज वाटत होती. त्यांनी विचारलं ताप किती (101), मान ताठ आहे का, कानामागे सूज आहे का, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो का, तोंड एका बाजूला वाकडं होतंय का, उठवल्यावर ओळखते का. यातलं काही असतं तर सरळ हॉस्पिटल, घरी वाट बघायची नाही. काहीच नव्हतं. मग म्हणाल्या चार तास उलटून गेलेत, आता त्याच बाटलीतून पूर्ण डोस द्या, 8 मिली, आणि अर्ध्या-पाऊण तासाने शांत होते का बघा. पूर्ण डोसनंतरही अशीच रडली तर अँटिबायोटिक आताच सुरू करा. आयबुप्रोफेन देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या, तापाचा दुसराच दिवस आहे आणि सध्या डेंग्यू फिरतोय, त्यात ते रक्तस्राव वाढवू शकतं.

दोन वाजता ती माझ्या छातीवर अर्धवट बसल्यासारखी झोपली, मी पाठीला दोन उशा लावून सकाळपर्यंत तशीच.

शुक्रवारी सकाळी नवीन 250 ची बाटली आणली आणि जुनी फेकली. दर 6 तासांनी घड्याळ लावून 4 मिली, रडायची वाट न बघता. डोस एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला, वेळ आणि मिली, कारण सासूबाई, मी आणि नवरा तिघेही देणारे. नाकात सलाइनचे थेंब, बाकी काही नाही, सर्दी-खोकल्याचं सिरप कानाला उपयोगी नाही म्हणून तेही बंद. दुपारी ताप 99.8. संध्याकाळी पेज खाल्ली, मग नेवरी मागितली. रात्री एकदा उठली, कुरकुरली, झोपली. शनिवारी सकाळपासून ताप नाही, कान ओढणं नाही. सहा वाजता मी बाटलीकडे बघितलं आणि परत कपाटात ठेवली.

सोमवारी दाखवायला गेलो. फुगवटा उतरला होता, पण पडद्यामागे पाणी अजून होतं. हे ऐकून मी परत घाबरले, म्हणजे इन्फेक्शन राहिलंच की. नाही म्हणाल्या, जंतू गेले तरी पाणी आठवडे राहतं, काही मुलांत महिना-दीड महिना, आणि अँटिबायोटिक घेतलेल्यांतही राहतं. त्याला औषध नाही. फक्त त्या काळात त्या कानाने थोडं कमी ऐकू येतं. तीन महिन्यांनीही राहिलं तर ऐकण्याची तपासणी आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर.

तेव्हा कुठे मला कळलं की ती टीव्ही का मोठा करते आणि मागून हाक मारली तर का वळत नाही, आणि मी दोन दिवस तिला हट्टी म्हणत होते. बालवाडीच्या बाईंना सांगितलं की तिला समोर बसवा, उजव्या बाजूने बोला. दिवाळीनंतर परत दाखवलं, पडदा मोत्यासारखा झालाय म्हणाल्या. अमॉक्सिसिलिनची बाटली तशीच कोरडी पडून आहे, नवरा म्हणतो पुढच्या वेळी कामाला येईल. पुढच्या वेळी वजन वेगळं असेल म्हटलं, आणि कान आधी कोणीतरी बघायला लागेल.